पेपर पुन्हा तपासा, पण नेमकं काय तपासा?

विधी शाखेचा निकाल लागला की परीक्षा विभागात अर्ज येऊ लागतात. बऱ्याच अर्जांचा मजकूर साधारण सारखाच असतो : ‘पेपर चांगला गेला होता, तरी अपेक्षेपेक्षा फार कमी गुण पडले आहेत, कृपया पेपर पुन्हा तपासावा.’ विद्यार्थ्याच्या बाजूने त्यातला शब्द न शब्द खरा असतो. पण टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला या वाक्यावरून काहीच करता येत नाही. कुठलं पान उघडायचं, कुठला आकडा पाहायचा, हे अर्जात कुठेच नसतं. मग ठरलेलं उत्तर येतं : ‘आपल्या गुणांत बदल नाही.’

त्याच उत्तरपत्रिकेत एखादी खरी चूक असू शकते आणि ती अशा अर्जामुळे तशीच राहून जाऊ शकते. पुढे वकिली करणाऱ्या, न्यायालयात अर्ज-दावे लिहिणाऱ्या मुलामुलींना आपल्याच उत्तरपत्रिकेसाठी नेमका अर्ज लिहिता यावा, म्हणून एक उदाहरण घेऊन तो कसा उभा राहतो ते पाहू.

तीन वेगळ्या गोष्टी

‘पेपर रिचेकिंगला टाकला’ असं आपण सरसकट म्हणतो. विद्यापीठाच्या लेखी मात्र ते तीन वेगळे अर्ज असतात. पहिला छायाप्रतीचा, म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागण्याचा. दुसरा गुणपडताळणीचा. यात प्रत्येक उत्तराला गुण दिले आहेत का, आतले गुण मुखपृष्ठावरच्या तक्त्यात बरोबर उतरले आहेत का, बेरीज नीट आहे का आणि तीच बेरीज गुणपत्रिकेत गेली आहे का, एवढंच पाहतात. उत्तर चांगलं की वाईट, हा प्रश्न इथे येत नाही. तिसरा अर्ज पुनर्मूल्यांकनाचा. यात दुसरा परीक्षक सगळी उत्तरं नव्याने वाचून गुण देतो.

पडताळणीत मतभेदाला जागा नसते. चार आणि पाच मिळून नऊच होतात. पुनर्मूल्यांकन मात्र पूर्णपणे दुसऱ्या माणसाच्या मतावर चालतं. गुण वाढू शकतात, तेवढेच राहू शकतात, काही विद्यापीठांत कमीही होतात. किती फरक पडला तर नवे गुण धरायचे, याचे नियमही विद्यापीठागणिक वेगळे आहेत. म्हणून आपली तक्रार नक्की कुठल्या प्रकारची आहे हे आधी ठरवावं लागतं, आणि ते छायाप्रत हातात आल्याशिवाय ठरत नाही. अंदाजाने पुनर्मूल्यांकनाचं शुल्क भरण्याआधी छायाप्रत घ्यावी, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते ते यासाठीच.

छायाप्रत कशी वाचायची

समजा, करार कायद्याचा ६० गुणांचा पेपर आहे. पहिल्या प्रश्नात दोन-दोन गुणांची सहा छोटी उत्तरं, दुसऱ्यात सहा-सहा गुणांच्या दोन टिपा, तिसऱ्यात एखादा प्रसंग देऊन विचारलेले सहा-सहा गुणांचे दोन प्रश्न, आणि चौथ्यात बारा-बारा गुणांची दोन सविस्तर उत्तरं. उत्तीर्ण व्हायला २४ गुण हवेत. आपल्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीला २१ मिळाले आहेत.

तिने छायाप्रत मागवली. अशा वेळी पहिल्यांदा आपलीच उत्तरं वाचत बसण्याचा मोह होतो. तो टाळून आधी फक्त आकडे पाहावेत. एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखायचे. एकात मुखपृष्ठावरच्या तक्त्यातले गुण उतरवायचे आणि दुसऱ्यात पान उलटत जाऊन आतल्या समासात लाल शाईने दिलेले गुण लिहायचे.

तिच्या मुखपृष्ठावर असं होतं : प्रश्न १ ला ७, प्रश्न २ ला ५, प्रश्न ३ ला ३ आणि प्रश्न ४ ला ६. एकूण २१. बेरीज बरोबर आहे, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला चूक दिसणार नाही. आतल्या पानांवर पहिल्या दोन प्रश्नांचे गुण तसेच निघाले. चौथ्या प्रश्नात मात्र पहिल्या उत्तराला ४ आणि दुसऱ्याला ५ होते, म्हणजे ९. मुखपृष्ठावर उतरवताना त्या ९ चे ६ झाले. आकडा उलटा वाचला गेला असेल किंवा घाईत चुकला असेल, कारण काहीही असो, तीन गुण गेले.

दुसरी गोष्ट तिसऱ्या प्रश्नात सापडली. त्यातल्या पहिल्या प्रसंगाला ३ गुण होते. दुसऱ्या प्रसंगाचं उत्तर तिने तिथे न लिहिता सगळ्यात शेवटी, पुरवणीच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं. त्या पानावर ना गुण, ना बरोबरची खूण, ना शेवटी परीक्षकाची रेघ. उत्तराला शून्य मिळालेलं नाही, ते तपासलंच गेलेलं नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे. परीक्षकाने वाचून शून्य दिलं असेल तर समासात ‘०’ असतो आणि तो त्याचा निर्णय ठरतो. काहीच नसेल तर निर्णय झालेलाच नसतो.

अशी उत्तरं कुठे निसटतात तेही ठरलेलं आहे. क्रम सोडून लिहिलेलं उत्तर, पुरवणीवर गेलेला उरलेला भाग, प्रश्नक्रमांक चुकलेला किंवा समासात लिहायचाच राहिलेला, एकमेकांना चिकटलेली दोन पानं. आपली छायाप्रत पाहताना या जागा आधी शोधाव्यात. संगणकाच्या पडद्यावर तपासणी होते तिथे बेरीज यंत्र करतं, म्हणून ६ आणि ९ सारखी चूक सहसा होत नाही. पण स्कॅन करताना एखादं पान राहून जाणं, पुरवणी न जोडली जाणं, किंवा लिहिलेलं उत्तर ‘सोडवलेलं नाही’ असं नोंदलं जाणं या शक्यता तिथे उभ्या राहतात. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पडद्यावरची तपासणी घाईने सुरू केली, निकाल कित्येक आठवडे रखडले, त्यात विधी शाखेचे विद्यार्थीही होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. पद्धत बदलली की चुका नाहीशा होत नाहीत, त्या दुसरीकडे सरकतात. म्हणून अशा ठिकाणी छायाप्रतीतली पानं मोजणं हे पहिलं काम.

आपल्या विद्यार्थिनीला तिसरी एक गोष्ट खटकली. दुसऱ्या प्रश्नातल्या एका टिपेला सहापैकी दोनच गुण होते आणि तिच्या मते ती टीप उत्तम होती. ही तक्रार खरी असू शकते, पण तिचा प्रकार वेगळा आहे. पडताळणीच्या पत्रात ती घालायची नाही. घातली की वाचणाऱ्याचं लक्ष पक्क्या मुद्द्यांवरून उडतं आणि सगळंच पत्र ‘गुण कमी पडले’ या ढिगात जातं.

पत्र

आता पत्र असं होतं :

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ
(मा. प्राचार्य यांच्या मार्फत)

विषय : करार कायदा या विषयाच्या उत्तरपत्रिकेतील गुणांच्या तफावतीबाबत पडताळणी करून निकाल दुरुस्त करण्याविषयी.

संदर्भ : १) बैठक क्रमांक …… २) छायाप्रत मिळाल्याचा दिनांक …… ३) पडताळणी अर्ज व शुल्क पावती क्रमांक ……

महोदय/महोदया,

मी तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी असून वरील विषयात मला ६० पैकी २१ गुण जाहीर झाले आहेत. मला मिळालेल्या छायाप्रतीत पुढील दोन बाबी दिसून येतात.

१) प्रश्न ४ मधील दोन उत्तरांना आतील पानांवर अनुक्रमे ४ व ५, असे एकूण ९ गुण दिलेले आहेत. मुखपृष्ठावरील तक्त्यात या प्रश्नासमोर ६ गुण नोंदवले आहेत. आतील गुणांप्रमाणे एकूण बेरीज २१ ऐवजी २४ होते.

२) प्रश्न ३ मधील दुसऱ्या उपप्रश्नाचे उत्तर पुरवणीच्या पान २ वर आहे. त्या उत्तराला कोणतेही गुण दिलेले नाहीत व त्या पानावर तपासणीची कोणतीही खूण नाही.

तरी, बाब १ नुसार बेरीज दुरुस्त करावी, बाब २ मधील उत्तर परीक्षकाकडून तपासून घ्यावे, आणि सुधारित निकाल लेखी कळवावा, ही विनंती. या अर्जाचा निर्णय होईपर्यंत मूळ उत्तरपत्रिका व पुरवणी जतन करावी, अशीही विनंती आहे.

सोबत : मुखपृष्ठ, संबंधित पाने व पुरवणीच्या छायाप्रती, गुणपत्रिका, शुल्क पावती.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पीआरएन, संपर्क)

एवढंच पत्र. एक पान. यात ‘अन्याय’, ‘भवितव्य’, ‘मानसिक त्रास’ यांतला एकही शब्द नाही. तिचा त्रास खरा आहेच, तीन गुणांसाठी एका मुलीचं अख्खं सत्र अडकतं ही साधी गोष्ट नाही. पण पत्र वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला जे करायचं आहे ते या दोन क्रमांकांत मावतं. तो गठ्ठ्यातून उत्तरपत्रिका काढतो, दोन जागा उघडतो, आणि त्याला जे दिसतं ते पत्रात लिहिलेलं असतं. दोन्ही बाबी वेगळ्या मांडल्या आहेत, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. पहिली कार्यालयात बसून दुरुस्त होते, दुसरीला परीक्षक लागतो. आणि पहिली एकटी मान्य झाली तरी ती विद्यार्थिनी उत्तीर्ण होते, हे ‘२४ होते’ या शब्दांत न बोलता सांगितलं गेलं आहे.

विद्यापीठाचा छापील किंवा ऑनलाइन अर्ज असेल तर तो भरावाच लागतो, नुसतं पत्र त्याची जागा घेत नाही. हे पत्र त्याला जोडायचं, आणि महाविद्यालयातून आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत आपल्याकडे ठेवायची.

ही रेघ न्यायालयांनी आखलेली आहे

दिसणारी चूक आणि मताचा प्रश्न यांतला फरक मी इतका ताणून सांगते आहे, कारण न्यायालयातही सगळं त्यावरच ठरतं. याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा नियम असा होता की, विद्यार्थ्याला फक्त पडताळणी मागता येईल, उत्तरपत्रिका पाहता येणार नाही आणि पुनर्मूल्यांकनही होणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ही बंधनं रद्द केली. १९८४ मध्ये परितोष भूपेशकुमार शेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि मंडळाचा नियम वैध ठरवला. उत्तरपत्रिका पाहण्याचा दरवाजा तेव्हा बंद झाला.

तो उघडला माहिती अधिकाराने. ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याच्या अर्थाने ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा, तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. परीक्षकाचं नाव मात्र झाकता येतं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी विद्यार्थ्यांच्या लक्षात राहत नाही : संस्थेच्या नियमाप्रमाणे उत्तरपत्रिका जितका काळ जपून ठेवायची असते, तेवढ्याच काळात हा हक्क वापरता येतो. पेपर रद्दीत गेला की हक्कही गेला. पत्रातली ‘जतन करावी’ ही ओळ त्यासाठी आहे.

पुनर्मूल्यांकनाचा हक्क मात्र यातून मिळत नाही. नियमात तशी तरतूद नसेल तर ते मागता येत नाही, ही भूमिका न्यायालयाने कायम ठेवली आहे. उत्तर प्रदेशातल्या शिक्षक भरतीच्या रणविजय सिंह प्रकरणात डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने ती नेमक्या शब्दांत मांडली. नियमात तरतूद नसली तरी अगदी क्वचित हस्तक्षेप होऊ शकतो, पण चूक उघडउघड दिसायला हवी, तिच्यापर्यंत पोचायला तर्काची किंवा युक्तिवादाची साखळी लागता कामा नये. शंका असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, विद्यार्थ्याला नाही. आता आपल्या पत्रातल्या दोन बाबी या कसोटीला लावून पाहा. न तपासलेलं पान आणि ९ ऐवजी ६, दोन्ही बोट ठेवून दाखवता येतात. दोन गुण मिळालेली टीप तशी दाखवता येत नाही.

त्या टिपेचं काय करायचं?

तिच्यासाठी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, आणि तोही विचार करून. विधी शाखेच्या विद्यार्थ्याला इथे सवयीने युक्तिवाद करावासा वाटतो : कलम बरोबर लिहिलं आहे, मोहरी बीबी खटल्याचा दाखला दिला आहे, मग गुण कमी का? पण पुनर्मूल्यांकनाचा परीक्षक तुमचं पत्र वाचून गुण देत नाही, तो उत्तर वाचतो. म्हणून शुल्क भरण्याआधी ते उत्तर विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना दाखवावं. अज्ञान व्यक्तीशी केलेल्या करारावरचं उत्तर घ्या. फक्त ‘तो करार शून्य आहे, कलम ११’ असं लिहिलं तर निष्कर्ष बरोबर असूनही गुण कमी पडणं स्वाभाविक आहे. वय कायद्याने का पाहिलं जातं, घेतलेले पैसे परत मागता येतात का, वय खोटं सांगितलं असेल तर काय, आणि हे सगळं दिलेल्या प्रसंगाला कसं लागू होतं, हे आलं असेल तर मात्र दोन गुण नक्की कमी आहेत. हे ठरवायला आपल्यापेक्षा तटस्थ नजर लागते.

विधी शाखेत आणखी एक तक्रार हल्ली उद्भवू शकते आणि ती या दोन्ही अर्जांत बसत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ होतं, ते आता १०३ झालं. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुनीच संहिता लागू राहते. अभ्यासक्रमात नवी संहिता आणि आदर्श उत्तरात जुनी कलमं, किंवा उलट, असं कुठे झालं तर चूक एका उत्तरपत्रिकेतली नसते, ती तपासणीच्या सूचनेतली असते. तेव्हा एकट्याने गुणपडताळणी मागून उपयोग नाही. प्रश्नाचा क्रमांक, लागू अभ्यासक्रमाचं परिपत्रक आणि प्रसंगात दिलेली तारीख यांसह सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीने प्राचार्यांमार्फत परीक्षा मंडळाकडे निवेदन द्यावं. तिथे निर्णय झाला तर तो सगळ्यांनाच लागू व्हायला हवा.

मुदत आणि पुढची पायरी

या सगळ्यात विद्यार्थी सर्वांत जास्त वेळा हरतात ते तारखेवर. छायाप्रत, पडताळणी आणि पुनर्मूल्यांकन या प्रत्येकाची मुदत निकालाबरोबर निघणाऱ्या परिपत्रकात असते आणि ती मोजक्या दिवसांची असते. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला कायद्याने ३० दिवस दिलेले आहेत. म्हणजे आधी १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून प्रत मागवली, तर ती येईपर्यंत विद्यापीठाची मुदत संपून जाण्याची शक्यता मोठी. म्हणून पहिला मार्ग विद्यापीठाच्या छायाप्रत योजनेचा. ती नाकारली, रखडली किंवा अर्धवट पानं आली, तर माहिती अधिकार.

पत्राला उत्तरच आलं नाही किंवा ‘बदल नाही’ एवढंच आलं, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत आपल्या शिफारशी द्यायच्या असतात. तिथे समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं. हे विनियमही तीच रेघ पाळतात : नुसतं पुनर्मूल्यांकन हवं म्हणून लोकपाल अपील ऐकत नाहीत, निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता दाखवावी लागते. ज्याच्या पहिल्या पत्रात पान आणि आकडा लिहिलेला आहे, त्याला इथे नव्याने काही सिद्ध करावं लागत नाही. तेच पत्र आवक क्रमांकासह पुढे जोडायचं.

आणि हे सगळं चालू असताना पुढच्या परीक्षेचा, म्हणजे त्या विषयाच्या एटीकेटीचा अर्ज भरून ठेवावा. पडताळणीचा निकाल त्या अर्जाच्या मुदतीपूर्वी येईलच असं धरून बसणं फार महागात पडतं. गुण सुधारले तर परीक्षा द्यावी लागणार नाही, नाही सुधारले तर सत्र वाया जाणार नाही.

शेवटची गोष्ट विद्यापीठांसाठी. एका उत्तरपत्रिकेत ९ चे ६ झालेले सापडले, तर तिचे गुण दुरुस्त करून फाइल बंद करणं पुरेसं नाही. त्याच गठ्ठ्यातल्या बाकीच्या उत्तरपत्रिकांची मुखपृष्ठं आतल्या गुणांशी त्याच दिवशी ताडून पाहायला हवीत. त्यासाठी परीक्षक लागत नाही, नियम बदलावा लागत नाही, एका कर्मचाऱ्याचे काही तास लागतात. अर्ज केलेल्या मुलीला तिचे गुण मिळतात. छायाप्रतीचं शुल्क परवडलं नाही म्हणून ज्यांनी अर्ज केला नाही, त्यांना त्यांचे गुण याच एका मार्गाने मिळू शकतात, आणि ते मिळवून देणं हे परीक्षा विभागाचंच काम आहे.